बॅनरवरचा चेहरा : उत्सव समितीसाठी एक टिपण



समितीने माझ्याकडे भाषण मागितलं नव्हतं, टिपण मागितलं होतं. सभासदांचे फोटो घेऊन मोबाईलवर जे सणाचे बॅनर ‘जनरेट’ करून घेतले जातात, त्यांना मंडळाने काय नियम लावावेत, एवढाच प्रश्न होता. नुसतं टिपण दिलं असतं तर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांनी ते वाचलं असतं आणि फायलीला लावलं असतं. पण बॅनरवर चेहरे लागतात ते तुमचे. तेव्हा ते तुमच्यासमोरच मांडावं असं व्याख्यानमालेच्या संयोजकांना वाटलं आणि मलाही पटलं. मी छपाईच्या धंद्यातला माणूस आहे, वकील नाही. कायद्याचं थोडं सांगेन; जास्त सांगेन ते डिझाईनच्या टेबलावर काय घडतं त्याचं.

बॅनर आता दोन तऱ्हांनी होतो, आणि माझं सगळं म्हणणं या दोन तऱ्हांमधल्या फरकावर उभं आहे. पहिली तऱ्हा जुनी. फोटोशॉपमध्ये तुमच्या फोटोची पाठीमागची भिंत कापून टाकायची, चेहरा गोलात बसवायचा, खाली नाव टाकायचं. मागचा मखर, कमान, रोषणाई कुठूनही आणलेली असो, चेहरा मात्र कॅमेऱ्याने टिपलेला तोच राहतो. दुसऱ्या तऱ्हेत फोटो यंत्राला द्यायचा आणि सांगायचं, ‘याला भगवा फेटा बांध, पांढरा कुर्ता घाल, हातात आरतीचं ताट दे.’ यंत्र मग तुमचा फोटो कापून चिकटवत नाही. तो पाहून एक नवीन माणूस काढतं, तुमच्यासारखा दिसणारा. नाक तुमच्यासारखं, मिशी तुमच्यासारखी. बहुतेक वेळा इतकं जमतं की घरचेही ओळखतात. पण त्या चित्रातला एकही ठिपका तुमच्या फोटोतला असेलच असं नाही.

२०२५च्या गणेश चतुर्थीला हे एकदम सगळ्यांच्या हातात आलं. २६ ऑगस्टला गुगलने जेमिनीमध्ये चित्रं बदलण्याची नवी सोय सुरू केली, लोक तिला ‘नॅनो बनाना’ म्हणून ओळखतात. आणि २७ तारखेला गणपती बसले. पुढे नवरात्राच्या तोंडावर साडीतल्या फोटोंची लाट आली, ती तुम्हाला आठवत असेल. साधा ड्रेसमधला फोटो द्यायचा आणि जुन्या हिंदी सिनेमातल्यासारखा साडीतला घ्यायचा. त्या लाटेत एका तरुणीची तक्रार देशभर फिरली. तिने पूर्ण बाह्यांचा फोटो दिला होता आणि बनून आलेल्या चित्रात तिच्या हातावर तीळ होता. खरोखर तिथे आहे तो, पण दिलेल्या फोटोत झाकलेला. तो तीळ कुठून आला यावर खूप काथ्याकूट झाला. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. बाही काढली की यंत्राला हात दाखवावाच लागतो, आणि हात फोटोत नाही. मग ते मनाने हात काढतं. तीळ जुळला म्हणून बातमी झाली. जे जुळत नाही, त्याची बातमी होत नाही. ते बॅनरवर लागतं.

काय काय जुळत नाही ते सांगतो, कारण नियम यातूनच निघतात.

सणाचं चित्र मागितलं की यंत्र सगळ्यांच्या कपाळावर गंध लावतं. आपल्या मंडळात मुसलमान सभासद आहेत, वर्गणी देतात, मिरवणुकीत पुढे असतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या कपाळावर चौकातल्या बॅनरवर टिळा उमटला तर त्याला घरी काय ऐकावं लागेल, आणि बाहेर त्याचा कोण काय अर्थ काढेल, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. नवरात्राच्या बॅनरसाठी मुलीला नऊवारी नेसवायला सांगितलं की नथ येते, हिरवा चुडा येतो आणि बरेचदा मंगळसूत्रही येतं. मुलगी बारावीला असते. उलट एखाद्या बाईंनी कुंकू लावणं सोडलेलं असतं, त्यांच्या कपाळावर यंत्र ठसठशीत कुंकू काढतं. यातलं काहीही कुणी मुद्दाम करत नाही. ‘मराठी बाई, सण, नऊवारी’ म्हटलं की जी हजारो चित्रं त्याने पाहिलेली असतात त्यांची सरासरी ते तुमच्या चेहऱ्यावर बसवतं, इतकंच.

सगळ्यात वाईट प्रकार हाराचा. ‘फोटोला झेंडूचा हार घाल’ असं सांगणाऱ्याच्या मनात सत्काराचा हार असतो, गळ्यातला. चित्रात येते लाकडी चौकट, चौकटीवर हार आणि आत जिवंत माणूस हसतोय. आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. असा बॅनर पहाटे लागला तर आठच्या आत गावाबाहेरच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात.

रंगाचंही तसंच. यंत्र उन्हात रापलेला चेहरा उजळ करतं, सुरकुत्या घालवतं, पडलेला दात बसवतं. काहींना ते आवडतंही, त्यांची हौस मी मोडणार नाही. पण कोयता चालवून हात-तोंड रापलेल्या माणसाला गोरा करून लावताना त्याला विचारलंय का, हा प्रश्न आहे.

आता कुणी म्हणेल, आम्ही चित्र बनवतच नाही, फक्त फोटो ‘साफ’ करून घेतो. इथे मी जरा थांबणार आहे. गडबड सर्वांत जास्त होते ती इथेच, आणि कुणाला कळतही नाही.

एक बॅनर हिशेबाला घेऊ. बारा फूट रुंद, आठ फूट उंच. वर बाप्पा, खाली सभासदांच्या दोन ओळी, एका ओळीत बारा, एकूण चोवीस चेहरे. बारा फुटांत बारा जण म्हणजे प्रत्येकाला एक फूट. कडेची जागा सोडली तर दहा इंचांचा गोल, आणि गोलातला नुसता चेहरा साधारण सहा इंच रुंद. फोटो कुठून येतो? मागच्या वर्षीच्या मिरवणुकीनंतर काढलेला ग्रुप फोटो असतो, दोन रांगांत उभे असलेले तेच चोवीस जण. मोबाईलने काढताना तो चार हजार ठिपके रुंद असेल, तर प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे ठिपके येतात. पण फोटो दुकानात पोचतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरून, आणि नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो सुमारे सोळाशे ठिपक्यांवर आणून ठेवतं. चेहऱ्याला उरतात पन्नास. पन्नास ठिपके सहा इंचांवर पसरायचे म्हणजे इंचाला आठ. एकेक ठिपका तीन मिलिमीटरचा. छापला तर चौकडीचं कापड दिसेल.

डिझाईन करणारा पोरगा काय करतो? ‘एन्हान्स’चं बटण दाबतो. चेहरा लख्ख होतो. पापण्या मोजता येतात, दातांच्या फटी दिसतात. पण पन्नास ठिपक्यांत पापण्या नव्हत्याच. त्या आल्या कुठून? यंत्राने घातल्या. न पाहिलेल्या घटनेच्या पंचनाम्यावर तपशीलवार सही करणारा पंच आणि हे बटण, दोघांची जात एकच. मूळ फोटो धूसर होता तेव्हा निदान तो धूसर आहे हे दिसत होतं. आता तो स्पष्ट आहे आणि दुसऱ्याचा आहे. भाऊ-भाऊ शेजारी उभे असतील तर दोघांचे चेहरे कधी कधी एकमेकांकडे सरकतात. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यातला फुलाचा पांढरा डाग जातो. चश्म्याची काडी गालात शिरते.

हे ओळखायचं कसं? मूळ फोटो आणि साफ केलेला फोटो शेजारी ठेवा आणि चार जागा बघा: कानाची पाळी, दात, चश्म्याची काडी जिथे कानाला भिडते ती जागा, आणि कपाळावरची किंवा गालावरची कायमची खूण. यंत्राला यातलं काही नीट जमलं नसेल तर तिथे कळतं. पण खरा तपासनीस घरातलाच. तो गोल त्या माणसाच्या आईला किंवा बायकोला दाखवा. ‘हे जरा वेगळंच दिसतंय’ असं ती म्हणाली की वाद घालू नका, तो फोटो बाद.

यावरचा उपाय इतका साधा आहे की सांगायला संकोच वाटतो. ग्रुप फोटो कापू नका. प्रत्येकाचा वेगळा फोटो काढा, छातीपासून वर, सकाळी देवळाच्या सावलीत, भिंतीपासून दोन हात पुढे उभं करून. हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला तरी चेहऱ्याला चारशेच्या आसपास ठिपके मिळतात, म्हणजे सहा इंचांवर इंचाला साठ-पासष्ट. फ्लेक्ससाठी एवढं पुष्कळ आहे. बॅनर कुणी नाकाला लावून बघत नाही. फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर तीही घट होत नाही. मग ‘एन्हान्स’चं बटण दाबायची वेळच येत नाही. आणि वेगळा फोटो काढायला माणूस समोर उभा राहतो, तेव्हाच त्याला विचारताही येतं. संमतीचा आणि छपाईच्या दर्जाचा प्रश्न एकाच खेपेत सुटतो.

तेव्हा समितीला माझी पहिली सूचना अशी. यंत्राकडून मागचं दृश्य बनवून घ्या. मखर, कमान, ढग, दिवे, काय हवं ते. चेहरा मात्र फोटोतला तसाच चिकटवायचा. उजेड कमी-जास्त करणं, पाठीमागचं कापणं, एवढीच मुभा. फेटा हवा असेल तर फोटो काढताना खरा फेटा बांधा. पाच फेटे आणले तर सगळ्यांचे फोटो निघतात. ज्याला हौसेने यंत्राचाच फेटा हवा असेल त्याने तसं वेगळं लिहून द्यावं आणि छापण्याआधी ते चित्र स्वतः पाहून ‘ठीक’ म्हणावं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत ही मुभाही नको. त्यांचा चेहरा कुठल्याही यंत्राला द्यायचाच नाही.

अक्षरांचं एका वाक्यात उरकतो: मजकूरही यंत्राकडून काढून घेऊ नका, जोडाक्षरं मोडू शकतात, म्हणून नावं आणि शुभेच्छा दुकानात टंकूनच घाला. आणि बाप्पाचं चित्र यंत्राने काढलं असेल तर सोंड कुठल्या बाजूला वळली आहे, हात किती आहेत आणि मोदक कुठल्या हातात आहे, हे एका जाणत्याने बघावं. उजव्या सोंडेवरून होणारी चर्चा बॅनर लागल्यावर करण्यापेक्षा आधी झालेली बरी.

आता संमती. ‘ग्रुपमध्ये आहे म्हणजे चालतंय’, ‘डीपी सगळ्यांना दिसतोच की’, ‘मागच्या वर्षी लावला होता, तेव्हा काही बोलला नाही’ ही तीन वाक्यं मी प्रत्येक गावात ऐकतो. डीपी तुमच्या ओळखीच्यांनी बघावा म्हणून असतो. तो कापून महामार्गाच्या कडेला लावणं हे वेगळं काम आहे. आपलं चौसाळा सोलापूर-धुळे रस्त्यावरचं; इथल्या चौकातला बॅनर गावापेक्षा येणारे-जाणारे जास्त बघतात.

कायदा याबाबतीत काय म्हणतो ते थोडक्यात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. त्यातली मुख्य बंधनं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात. एखाद्याने स्वतःच्या घरगुती कामासाठी फोटो वापरला तर हा कायदा मध्ये येत नाही. पण मंडळाचं काम घरगुती म्हणता येणार नाही. कायद्यात संमतीची जी व्याख्या आहे ती मंडळाने उचलावी अशीच आहे. संमती मोकळेपणाने दिलेली असावी, नेमक्या एका कामापुरती असावी, काय होणार हे समजून दिलेली असावी, तिला अट नसावी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं असावं. मुलांसाठी पालकांची संमती, आणि मूल म्हणजे अठरा पूर्ण न झालेलं. कॉलेजात गेलेली मुलगी आपल्याला मोठी वाटते. कायद्याला सतराव्या वर्षी वाटत नाही.

तुमच्यातला एखादा चलाख तरुण म्हणेल, ‘कायद्यात असंही आहे की माणसाने स्वतःच जाहीर केलेल्या माहितीला तो लागू नाही. इन्स्टावर उघडा टाकलेला फोटो चालेल ना?’ वाचून आला असेल तर त्याचं कौतुक. तशी सूट आहे. पण आपल्याला कोर्टात जिंकायचं नाहीये, एका गल्लीत राहायचं आहे. आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रांविरुद्ध आशा भोसले २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांच्या बाजूने आदेश झाला. इथली एखादी आशा वर्कर तिच्या फोटोसाठी उच्च न्यायालयात जाणार नाही. ती फार तर पुढच्या वर्षी आरतीला येणार नाही, आणि का ते कुणाला सांगणारही नाही. म्हणून मंडळाचा नियम कायद्यापेक्षा एक पाऊल कडक असावा.

संमतीसाठी मंडळाने एक साधी वही ठेवावी. मोबाईलवरचा फॉर्म नको. आपल्याकडे फोन घरात एक आणि बटणं दाबणारा मुलगा, त्यामुळे आईची संमती मुलानेच दिलेली असते. वहीत प्रत्येकाच्या नावासमोर तीन वेगळी ‘हो-नाही’ असावीत. साधा फोटो बॅनरवर लावायचा का? तोच बॅनर स्टेटसला आणि इन्स्टाला टाकायचा का? चेहरा यंत्राला देऊन बदलायचा का? तिन्हींना एकच सही नको, कारण चौकातला बॅनर दहा दिवसांनी उतरतो आणि स्टेटसचा फोटो कुठे जाऊन बसतो ते कुणी सांगू शकत नाही. जागा कोरी राहिली तर तिचा अर्थ ‘नाही’. आणि सही एका सणापुरती. गणपतीची सही दहीहंडीला किंवा शिवजयंतीला चालणार नाही.

बायकांच्या बाबतीत समिती नवऱ्याला विचारून मोकळी होते, ही सवय मोडायला हवी. बचत गटाच्या बैठकीत वही न्यावी, तिथे ज्या त्या बाईने स्वतः हो किंवा नाही म्हणावं. नवऱ्याचा ‘हो’ तिचा होत नाही, आणि नवऱ्याचा ‘नाही’ही तिचा नसतो. काही जणींना बॅनरवर यायचं असतं, त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

‘मोकळेपणाने’ या शब्दाकडेही जरा बघा. भर बैठकीत अध्यक्ष विचारतात, ‘कुणाची हरकत आहे का?’ कोण हात वर करणार? वही घेऊन एकाने एकट्याला भेटावं. फोटो नको म्हणणाऱ्याची वर्गणी, पद, मिरवणुकीतली जागा यांवर काही परिणाम होता कामा नये. बॅनरवर त्याचं नाव बाकीच्यांच्याच आकारात यावं. फोटोच्या जागी रिकामा गोल ठेवू नये. रिकामा गोल म्हणजे चौकात लावलेली तक्रार. सोपी युक्ती अशी की बॅनरवर नावांची एक सलग यादी घ्यावी आणि चेहरे वेगळ्या ओळीत, नावाशिवाय लावावेत. मग कोण आहे आणि कोण नाही हे मोजत बसावं लागत नाही. या मांडणीत अध्यक्षांचा फोटो तिप्पट मोठा लावण्याची परंपरा मात्र अडचणीत येते, आणि समितीत मतभेद होतील ते माझ्या अंदाजाने याच मुद्द्यावर.

वेळेचा एक मुद्दा आपल्या भागाचा खास आहे. दसरा झाला की टोळ्या निघतात, आणि दिवाळीच्या आगेमागे निम्म्या घरांना कुलूप असतं. शिवजयंतीच्या किंवा पाडव्याच्या बॅनरची घाई सुरू होते तेव्हा माणूस सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतो. फोन लागत नाही, लागला तर ‘टाका की काय टाकायचं ते’ एवढं बोलून ठेवला जातो. ही संमती धरायची नाही. वर्षभरातल्या सणांसाठी वेगवेगळ्या रकान्यांत सह्या घ्यायच्या असतील तर त्या घटस्थापनेच्या आठवड्यात घ्याव्यात, माणसं गावात असताना. नंतर ज्याचं मत बदललं त्याचा एक फोन पुरे. द्यायला सही, परत घ्यायला फोन. परत घेणं सोपंच असायला हवं.

पुढाऱ्यांच्या फोटोबद्दल मी वेगळा नियम सुचवतो, आणि हा कुणाही पक्षाला लागू आहे. बॅनरच्या वरच्या पट्टीत नेत्याचा फोटो लावणं ही जुनी रीत. ती ठेवायची की नाही ते मंडळ ठरवेल. पण यंत्राने बनवलेल्या चित्रात सभासद आणि नेता खांद्याला खांदा लावून उभे आहेत, हस्तांदोलन करतायत, असं चित्र कुणाच्याही संमतीने नको. दोन फोटो शेजारी लावले की बघणाऱ्याला कळतं, हे दोन फोटो आहेत. एकत्र काढले की ते घडलं असं वाटतं. निवडणुकीत तोच तुकडा कापून कोण कुठे फिरवील याचा नेम नाही, आणि ज्याचा चेहरा त्यात आहे तो माणूस ‘मी भेटलोच नव्हतो’ असं सांगत फिरेल.

गेलेल्या सभासदांचंही तसंच. त्यांची संमती घेता येत नाही, म्हणून घरच्यांची घ्यावी, आणि घरच्यांनी दिलेला फोटोच लावावा, जसा आहे तसा. मृत माणसाचा फोटो हलवून त्याला हसवणारी, हात जोडायला लावणारी अ‍ॅप आहेत. आरतीच्या वेळी पडद्यावर तसं दाखवायची टूम काही ठिकाणी निघते. ते पाहून त्याच्या आईला काय वाटेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही, तिला स्वतःलाही. मंडळाने ते करू नये.

आता फोटो जातात कुठे. समितीतल्या कुणीतरी आपल्या स्वतःच्या फोनवरून, फुकटच्या खात्यावरून चोवीस चेहरे अ‍ॅपमध्ये चढवलेले असतात. चॅटजीपीटीत Settings मध्ये Data controls खाली Improve the model for everyone असा पर्याय असतो. तो चालू असेल तर तुम्ही दिलेलं त्यांच्या पुढच्या यंत्राच्या शिकवणीला वापरलं जाऊ शकतं. जेमिनीत माणसांनी तपासायला घेतलेल्या गोष्टी तीन वर्षांपर्यंत ठेवल्या जाऊ शकतात, आपण इकडे पुसल्या तरी. हौशी अ‍ॅपमध्ये काय होतं ते वाचायला मिळतच नाही. म्हणून पुन्हा तेच: मागचं दृश्य बनवायला चेहरा द्यावा लागत नाही. चेहरा न देता दृश्य बनवा, चेहरा दुकानात आपल्या संगणकावर चिकटवा. दुकानदाराला बिलावरच लिहून द्या की हे फोटो दुसऱ्या कामाला वापरायचे नाहीत, आणि विसर्जनानंतर फोटोंचा फोल्डर पुसायचा. आम्ही दुकानदार सहसा पुसत नाही, कारण पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक येतं. सांगितलं तर पुसतो.

बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात ‘पार्श्वभूमी संगणकनिर्मित, छायाचित्रे मूळ’ अशी एक ओळ टाकावी. यंत्र आपल्या चित्रात न दिसणारी खूण ठेवतं हे खरं, पण फ्लेक्सवर छापलेली ती खूण गावात कोण वाचणार? तीन इंच उंचीची अक्षरं पुरतात.

तक्रार आली तर काय, हे आधी ठरलेलं असावं. समितीतल्या दोघांची नावं आणि फोन वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत, त्यातली एक बाई असावी. तक्रार करणाऱ्याने कारण सांगायची गरज नाही. चेहरा काढा म्हटलं की त्याच दिवशी काढायचा. अख्खा फ्लेक्स पुन्हा छापावा लागत नाही. त्या गोलाच्या मापाचा चिकट व्हिनाईलचा तुकडा, त्यावर मंडळाचं बोधचिन्ह, शिडी लावून दहा मिनिटांचं काम. मूळ ऑर्डरबरोबरच असे चार-पाच गोल छापून ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र घाई करावी लागते. Delete for everyone ही सोय साधारण अडीच दिवस चालते, त्यानंतर पाठवणाऱ्याला फक्त आपल्याच फोनमधून पुसता येतं. म्हणून बॅनर ग्रुपवर टाकण्याआधी एक दिवस तो छापील नमुन्यात ज्यांचे चेहरे आहेत त्यांना दाखवावा. एका कागदावर ए-थ्री प्रिंट काढून चौकातल्या चहाच्या टपरीवर ठेवली तरी चालेल. आपल्याकडे तिच्याइतकी कडक तपासणी दुसरीकडे होत नाही.

आणि विसर्जनानंतरचा फ्लेक्स. तो वाया जात नाही हे आपल्याला माहीत आहे. कडब्याच्या गंजीवर जातो, गोठ्याच्या छपराला जातो, टोळीबरोबर जाऊन कोपीवर ताणला जातो. फ्लेक्स टिकाऊ आहे, पाऊस अडवतो, फुकट मिळतो. वापरू नका असं मी म्हणणार नाही. पण त्यावर बायामुलींचे चेहरे असतात, आणि तो तुकडा कुठल्या शेतात, कुणाच्या पायाखाली अंथरला जाईल हे सांगता येत नाही. म्हणून चेहऱ्यांची पट्टी बॅनरच्या खालच्या कडेलाच असावी, वरचं दृश्य वेगळं. उतरवताना ती खालची दीड-दोन फुटांची पट्टी कात्रीने कापून मंडळाच्या खोलीत आणायची, तिथे बारीक कापून टाकायची, जाळायची नाही, कारण ते पीव्हीसी आहे आणि त्याचा धूर विषारी. उरलेला बारा बाय सहाचा तुकडा ज्याला हवा त्याने न्यावा. कुणी न्यायचा यावर भांडण होऊ नये म्हणून मागच्या महिन्यात समितीने चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं आहे असं सचिवांनी मला सांगितलं, आणि पट्टी कापायचं काम खजिनदारांकडे दिलं आहे.